साधी अढी: मल्लखांबाची पहिली पकड आणि तिचे गुण

व्यायामशाळेत मोठ्या वयात मल्लखांब शिकायला आलेला एक तरुण मला चांगला आठवतो. जिममध्ये कमावलेलं अंग होतं. पहिल्या दिवशी त्याने बारवर सलग बारा पुल-अप्स मारून दाखवले. मग खांबाला हात लावला, पाय वर टाकले आणि दोन सेकंदांत डोक्याच्या दिशेने घसरत गादीवर आला. शेजारी दहा वर्षांची एक मुलगी त्याच खांबावर उलटी लटकून, दोन्ही हात सोडून मैत्रिणीशी गप्पा मारत होती. तिला एकही पुल-अप येत नव्हता.

फरक मांड्यांचा होता. नवखा माणूस खांब हाताने धरायला जातो आणि मल्लखांब धरायचा असतो मांड्यांनी. तो तरुण पुढे काय आणि कसं शिकला, त्याच क्रमाने हे लिहितो आहे. सगळा भर साध्या अढीवर, म्हणजे उलटं होऊन मांड्यांनी खांब जखडण्याच्या पकडीवर आहे, कारण पुढच्या निम्म्याहून अधिक कसरती तिच्यातूनच निघतात आणि परीक्षकाची पहिली नजरही तिच्यावरच जाते.

खांब म्हणजे समोरचा मल्ल

मल्लखांबाला आज स्पर्धेचं रूप आहे, पण त्याची घडण कुस्तीतून झाली. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या सरावाचा उल्लेख येतो. मधल्या काळात मागे पडलेली ही विद्या दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केली. जोडीदार नसताना मल्लाने पकडी घोटाव्यात, हा तिचा हेतू. काख, मांडी, पोटरी, कोपराची बेचकी हे कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला जखडणारे अवयव इथेही कामाला येतात ते त्यामुळे. हाताची मूठ दुय्यम असते. खांब इतका जाड असतो की बुंध्यापाशी ती मिटतच नाही.

पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी असतो. जमिनीवर त्याची उंची साधारण अडीच मीटर असते. खालचा जाड भाग म्हणजे बुंधा. त्यावरचा निमुळता होत जाणारा भाग ते अंग. मग एकदम बारीक झालेली मान, आणि सगळ्यात वर बोंड. नवख्याचे पहिले काही महिने अंगाच्या खालच्या निम्म्या भागावरच जातात. बोंडावर उभं राहिलेल्या खेळाडूचा फोटो पाहून येणाऱ्यांची इथे थोडी निराशा होते, त्याला इलाज नाही.

टांगता मल्लखांब आखूड असतो आणि साखळीला लटकतो. तो फिरतो, झुलतो, म्हणून पुरलेल्यावर पकड बसल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. दोरीच्या मल्लखांबात पकड पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात सुरू होते. मुली पूर्वी बहुतेक दोरीच करत, आता पुरलेल्यावरही स्पर्धेत उतरतात. दोरीचं तंत्र वेगळं आहे, त्यामुळे ते इथे घेत नाही.

खांबाकडे जाण्याआधी

कपडे कमीत कमी. पकड कातडीची असते, कापडाची नाही. मुलगे लंगोट किंवा आखूड चड्डी घालतात आणि मुली अंगाला घट्ट बसणारा, मांड्या मोकळ्या ठेवणारा पोशाख. ट्रॅक पँट घालून अढी मारणारा माणूस घसरतो आणि दोष स्वतःच्या ताकदीला देतो. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी, गंडा-दोरा काढून ठेवायचा. नखं कापलेली हवीत.

खांबाला एरंडेल तेल लावतात. चढायच्या गोष्टीला तेल का, असं प्रत्येक नवखा विचारतो. कोरड्या लाकडावर मांडीची कातडी सरकली की सोलून निघते. एरंडेल घट्ट आणि चिकट असतं. त्याचा पातळ थर दिला की कातडी सरकते पण जळत नाही, आणि दाब दिला की पकडही बसते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल त्याच्या जागी चालत नाही, ते नुसतं निसरडं करतं. थर किती हवा, ते तळव्याने ओळखायचं. खांबावरून हात फिरवल्यावर तो किंचित अडकत सरकला तर ठीक. तळवा ओला चमकायला लागला तर तेल जास्त झालं, फडक्याने पुसून घ्या. घाम आला की पकड जाते, म्हणून दर दोन-तीन वेळा मांड्या पुसायच्या.

खांबाभोवती गादी असली पाहिजे आणि पहिल्या उलट्या पकडीला शिक्षक शेजारी उभे असले पाहिजेत. घरी झाडाच्या खोडावर किंवा लोखंडी पाइपवर एकट्याने उलटं व्हायला जाऊ नका. डोकं खाली असताना घसरलं तर मान वाचवायला वेळ मिळत नाही. मानेचं, खांद्याचं जुनं दुखणं, उच्च रक्तदाब किंवा डोळ्याचा दाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

किती ताकद, किती लवचिकता

माझ्याकडे आलेल्या नवख्याला मी जमिनीवर चार गोष्टी करायला सांगतो. हे माझे स्वतःचे मापदंड आहेत, कुठल्या नियमपुस्तकातले नाहीत.

पहिली गोष्ट मांड्यांच्या आतल्या बाजूची. खाली बसून, पाय सरळ ठेवून, गुडघ्यांच्या थोडं वर फुटबॉल धरायचा आणि तीस सेकंद पूर्ण जोराने दाबायचा. बहुतेकांचे पाय वीस सेकंदांत थरथरायला लागतात. त्या तरुणाचे बाराव्या सेकंदाला लागले. बैठका मारून मांडीची पुढची बाजू तयार होते, आतली तितकी होत नाही. तिला वेगळा व्यायाम द्यावा लागतो.

दुसरी पोटाची. बारला लटकून, झोका न घेता, दोन्ही गुडघे छातीला आठ वेळा लावायचे. अढीत पाय वर नेण्याचं काम पोट आणि जांघ करतात, हात फक्त अंग खांबाशी धरून ठेवतात. हे होत नसेल तर उताणं झोपून पाय उचलण्यापासून सुरुवात करायची.

तिसरी मिठीची. खांबाला हातापायांनी कवटाळून, पाय जमिनीपासून वर, सरळ उभ्या अंगाने वीस सेकंद थांबायचं. पुल-अपपेक्षा ही कसोटी कामाची, कारण खांब जवळ ओढून धरणारी पाठ आणि दंड इथेच कळतात. लहान मुलांचं वजन हलकं असल्याने त्यांना हे पटकन जमतं. सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला महिनाही लागू शकतो.

चौथी लवचिकतेची, आणि इथे नवख्यांचा समज बहुतेक उलटा असतो. त्यांना वाटतं, पाठ रबरासारखी हवी. तशी ती आसनांना लागते. धनुरासन, वृश्चिकासन खांबावर करायचं तर खांदे आणि पाठीचा वरचा भाग उघडलाच पाहिजे. पण अढीला आधी लागते ती मांडीच्या मागच्या शिरेची आणि जांघेची मोकळीक. पाय सरळ ठेवून बसल्यावर, पाठीला कुबड न येता, बोटं घोट्यापर्यंत पोचतात का, ते पाहा. पोचत नसतील तर उलटं होताना गुडघे वाकतात, कंबर खांबापासून लांब जाते आणि मांड्या पकडीच्या जागेपर्यंत पोचण्याआधीच हात दमतात. सूर्यनमस्कार आणि जोर-बैठकांनी अंग तापल्यावर पुढे वाकण्याचं एकेक आसन मिनिटभर धरलं तर सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसतो. थंड अंगाने ओढाताण केली तर मांडीमागची शीर धरते आणि तीन आठवडे घरी बसावं लागतं.

साधी अढी, टप्प्याटप्प्याने

हातांच्या ठेवणीत व्यायामशाळेगणिक थोडा फरक पडतो. मी जी पद्धत शिकवतो, ती अशी.

खांबासमोर, तो छातीपासून वीतभर अंतरावर येईल इतक्या जवळ उभं राहायचं. दोन्ही हात खांबाभोवती घालून छातीच्या उंचीवर धरायचा, एक हात किंचित वर आणि दुसरा खाली. डोकं खांबाच्या एका बाजूला. कोणत्या बाजूला, ते शिक्षक ठरवून देतील आणि एकदा उडी घेतली की ती बाजू बदलायची नाही, नाहीतर पाय वर जाताना कपाळ खांबावर आपटतं.

आता छोटी उडी घ्यायची आणि गुडघे छातीकडे ओढत कंबर वर न्यायची. पाय फेकायचे नाहीत. नवखे पाय फेकतात, पाय वर पोचतात, कंबर खालीच राहते आणि माणूस केळ्यासारखा लोंबकळतो. कंबर खांद्याच्या वर आली की पाय आपोआप खांबाच्या दोन बाजूंना येतात. पहिले आठ-दहा दिवस इथवरच करायचं. शिक्षक कमरेला आधार देतील, तुम्ही उलटं होऊन तीन आकडे मोजून परत उभं राहायचं. चक्कर येत नाही ना, नजर कुठे जाते, हे या दिवसांत कळतं.

मग खरी अढी. एक मांडी खांबाच्या पुढून, दुसरी मागून, आणि पोटऱ्या एकमेकींत अडकवायच्या. पुढच्या आणि मागच्या मांडीचा दाब एकाच उंचीवर नसतो, आणि त्यातच सगळं गणित आहे. लोंबणारं धड खांबापासून थोडं बाहेर गेलं की एक मांडी पुढून आणि दुसरी मागून जास्त जोरात दाबली जाते. म्हणजे तुमचं वजनच पकड आवळतं. भिंतीतल्या खुंटीवर ओझं टांगल्यावर ती जशी आणखी घट्ट बसते, तसं. घाबरलेला माणूस धड खांबाला चिकटवून घेतो. मग वजनाचा आवळ मिळत नाही, सगळा भार स्नायूंच्या जोरावर येतो आणि तो घसरतो. माझा पुल-अपवाला नेमका हेच करत होता. त्याला मी एकच वाक्य सांगत राहिलो, “छाती सोड, पोट सोडू नकोस.” अकराव्या दिवशी त्याने छाती सोडली आणि तो थांबला.

पकड बसली का, हे हात सोडण्याआधी तपासायचं. आधी हातांची मिठी सैल करून फक्त बोटं टेकवायची. एक बोटभरसुद्धा घसरण झाली तर हात परत आवळायचे आणि उतरायचं. स्थिर राहिलात तर एक हात, मग दुसरा. पाच आकडे. हात कानांशी सरळ खाली, नजर हातांकडे, पायाचे पंजे ताणलेले.

उठताना पोटाने धड वर आणायचं, पायांच्या वर खांब हातांनी धरायचा आणि तो नीट धरल्याची खात्री झाल्यावरच पाय सोडायचे. अपघात जास्त इथे होतात, चढताना नाहीत. दमलेल्या माणसाला खाली यायची घाई असते, तो हात पोचण्याआधी अढी सैल करतो. म्हणून माझा नियम असा की पाचातली तीन शक्ती टांगण्याला, दोन उठण्याला. उठण्याइतकं पोट उरलं नसेल तर शिक्षकाला हाक मारायची, त्यात कमीपणा नाही.

दुखण्याबद्दलही बोलायला हवं. पहिले दोन-तीन आठवडे मांडीच्या आत लाल वळ उठतात, मग काळे-निळे होतात. हे सगळ्यांना होतं. वळ पसरट आणि दोन्हीकडे सारखे असतील तर पकड बरोबर आहे. एकाच मांडीवर, अरुंद पट्ट्यात, कातडी सोलल्यासारखी झाली असेल तर तुम्ही पकडून सरकत आहात, किंवा तेल कमी आहे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर मात्र तिथेच थांबा. पकड मांडीऐवजी गुडघ्यावर आली आहे, आणि गुडघा त्या दिशेचा भार घेण्यासाठी बनलेला नाही.

आठवड्यातून चार दिवस, दिवसाला सहा ते आठ चांगल्या अढ्या पुरतात. नववी वाईट होते आणि शरीर तीच लक्षात ठेवतं. दोन्ही बाजूंनी सराव करा. एकाच बाजूने शिकलेल्याला पुढे तेढीच्या वळणात अडायला होतं.

साधी अढी दहा आकडे टिकू लागली की तेढी, बगली आणि दसरंग समोर येतात. तेढीत पकडीला पीळ पडतो, बगलीत काखेचं काम वाढतं आणि दसरंगात उलट्या अंगाने पायांची पकड सोडत-घेत वर सरकायचं असतं. फिरकी, सुईदोरा, वेल, फरारे, ताजवे ही घराणी त्याच्याही पुढची.

परीक्षक काय पाहतात

स्पर्धेत खेळाडू एकेक कसरत सुटी दाखवत नाही, तो संच सादर करतो. जमिनीवरून सुरुवात, खांबावर जोडलेल्या कसरती आणि शेवटी उतरती किंवा उडी, हे सगळं ठरलेल्या वेळात. मोठ्या गटात साधारण दीड मिनिटाची मर्यादा असते. लहान वयोगटांना ठरवून दिलेला संच असतो, पुढे स्वतः रचलेला ऐच्छिक संच येतो.

गुण दहापैकी. ते मुख्यतः तीन गोष्टींत विभागलेले असतात: कसरती किती अवघड, त्या एकमेकींना कशा जोडल्या, आणि सादरीकरण किती स्वच्छ. नवी, वेगळी रचना दाखवली तर थोडे गुण तिलाही मिळतात. काठिण्यानुसार कसरतींचे अ, ब, क असे गट पाडलेले असतात. साध्या अढीला काठिण्याचे गुण जवळपास मिळतच नाहीत. पण संचाच्या पहिल्या दहा सेकंदांत ती येते आणि सादरीकरणाचे गुण तिथूनच कापायला सुरुवात होते.

त्या तरुणाने सहा महिन्यांनी व्यायामशाळेच्या अंतर्गत स्पर्धेत छोटा संच केला. उडी घेऊन साधी अढी, हात सोडून स्थिर, उठून तेढी, मग दोन दसरंग, अंगावरच एक आसन आणि उतरती. मी परीक्षकांच्या टेबलाशी होतो, त्यामुळे कुठे काय गेलं ते सांगता येतं.

अढीत जाताना त्याचा डावा गुडघा वाकला. छोटी चूक, दशांशाची वजावट. हात सोडल्यावर पंजे सैल होते, तीही तशीच. तेढी स्वच्छ झाली. पहिल्या दसरंगानंतर त्याने पकड परत जुळवून घेतली, हात दोनदा हलवला. ही मधल्या दर्जाची चूक, कारण तिच्यामुळे जोडणी तुटते. परीक्षक अशा वेळी सादरीकरणात कापतात आणि दोन कसरती जोडल्या गेल्या असं मानायलाही कचरतात. आसन त्याने घेतलं आणि लगेच सोडलं. आसन क्षणभर तरी स्थिर दिसावं लागतं, नाहीतर ते केलं असं धरत नाहीत. उतरताना गादीवर एक पाऊल पुढे पडलं, पुन्हा दशांश गेला.

चार परीक्षकांनी त्याला ७.२०, ७.४०, ७.५० आणि ८.०० दिले. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त गुण बाजूला काढायचे आणि मधल्या दोघांची सरासरी घ्यायची. ७.४० आणि ७.५०, म्हणजे ७.४५. त्याची नजर ८.०० वर होती, तो म्हणाला, “सर, त्यांनी तर आठ दिले होते.” त्या आठचा निकालावर काही परिणाम होत नाही, तसाच ७.२० चाही झाला नाही. एखादा परीक्षक उदार किंवा कडक निघाला तरी खेळाडूचं फार बिघडू नये, यासाठीच ही पद्धत आहे. मधल्या दोन गुणांत फारच अंतर पडलं तर मुख्य परीक्षक दोघांना बोलावून चर्चा करतात.

मग आम्ही त्याच्या चुकांची यादी केली. गुडघा, पंजे आणि आसनातला थांबा या तिन्हींना ताकद लागत नाही, ताण आणि सबुरी लागते. दसरंगातला हात मात्र ताकदीचा होता, दमल्यामुळे हललेला. पहिल्या तिघांसाठी त्याला आरशासमोर, जमिनीवर, पंजे ताणून पाय उचलायला दिले, दिवसातून दहा मिनिटं. दसरंगासाठी मिठीचा वेळ वीसवरून चाळीस सेकंदांवर न्यायचा ठरलं.

एक मतभेद नोंदवतो. काही शिक्षक नवख्याला लवकर अवघड कसरती देतात, काठिण्याचे गुण दिसतात म्हणून. मला ते पटत नाही. अवघड कसरतीचा गुण ती पुरी झाली तरच मिळतो. अर्धवट राहिली तर काठिण्यही जातं आणि सादरीकरणातही कापलं जातं. पहिल्या वर्षात सहा स्वच्छ कसरतींचा संच दहा डळमळीत कसरतींच्या संचाला बहुतेक वेळा मागे टाकतो. ज्यांना पटत नसेल त्यांनी लहान गटाची एखादी स्पर्धा कागद-पेन्सिल घेऊन पाहावी, वाकलेले गुडघे मोजावेत आणि निकालाशी ताडून पाहावं.

पुढच्या अंतर्गत स्पर्धेत तोच संच, एकही नवी कसरत न घालता, त्याने पुन्हा केला. मधले दोन गुण ७.९० आणि ८.०० आले. उतरताना पाऊल या वेळीही पडलंच.